मळभाच्या दिवशी डीपीवरचा लोड का चढतो

"आम्ही कोल्हापुरात राहतो. छतावर ३ किलोवॉटचं सोलर आहे. एप्रिलच्या कडक उन्हात आमच्या गल्लीची लाइट कधी जात नाही. पण मे महिन्यात मळभ येतं, तापमान तीन-चार अंशांनी उतरतं आणि नेमकी त्याच रात्री डीपीवरची एक फेज उडते, व्होल्टेज पडतं. ऊन कमी तर वीज कमी लागायला हवी ना?"

तुमचं निरीक्षण बरोबर आहे आणि त्यात योगायोग काही नाही. मी बरीच वर्षं वीज वितरणात लोडचा अंदाज बांधण्याचं काम केलं. कोल्हापूरच्या हवेत डीपीची खरी परीक्षा ३८ अंशांच्या कोरड्या दिवशी होत नाही, ३४ अंशांच्या दमट, ढगाळ दिवशी होते. सगळी गफलत होते ती एकाच कारणाने: आपण दिवसाचं कमाल तापमान पाहतो आणि त्यावरून विजेचा अंदाज बांधतो. विजेची मागणी मात्र हवेतला ओलावा, रात्रीचं किमान तापमान आणि डोक्यावरचे ढग या तिघांवर जास्त हलते. मळभाच्या दिवशी हे तिन्ही एकाच बाजूला झुकतात.

आधी ओलाव्याचं बघू, कारण कोल्हापुरात कूलर खूप आहेत आणि सगळी गोष्ट तिथून फिरते. कूलर हवा थंड करतो तो पाण्याचं बाष्पीभवन करून. हवा कितपत थंड होईल याची एक खालची मर्यादा असते, तिला वेट बल्ब तापमान म्हणतात. थर्मामीटरच्या फुग्याला ओलं कापड गुंडाळून वारा घातला की तो जिथे येऊन थांबतो, ते हे तापमान. एप्रिलच्या दुपारी ३८ अंश तापमान आणि २० टक्के आर्द्रता असेल तर ही मर्यादा २१ अंशांच्या आसपास येते. म्हणजे कूलरमधून २४-२५ अंशांची हवा सहज मिळू शकते, तीही साधारण २०० वॉटमध्ये. आता मे महिन्याचा मळभाचा दिवस घ्या. तापमान ३३ अंश, म्हणजे पाच अंशांनी कमी, पण आर्द्रता ६० टक्के. आता तीच मर्यादा २६-२७ अंशांवर जाते. कूलर २८-२९ अंशांची ओली हवा फेकतो, अंग चिकट होतं, गादी दमट लागते. माणूस कूलर बंद करतो आणि ज्याच्याकडे एसी आहे तो एसी लावतो. २०० वॉटचं यंत्र बंद होऊन त्याजागी बाराशे-पंधराशे वॉटचं यंत्र चालू होतं. तापमान उतरलं तरी मागणी वाढली, ती अशी.

एसीलाही ओलाव्याचं वेगळं ओझं असतं. खोलीतली हवा थंड करताना त्याला हवेतलं पाणीही गाळावं लागतं. एक लिटर पाणी असं काढायचं म्हणजे साधारण ०.६८ युनिटइतकी उष्णता खोलीबाहेर टाकायची. एसी स्वतः वापरतो त्याच्या सुमारे तिप्पट उष्णता बाहेर टाकतो असं धरलं, तर दर लिटरमागे पाव युनिटच्या आसपास वीज निव्वळ पाणी गाळण्यात जाते, खोली एक अंशानेही थंड न होता. हे घरी तपासता येतं. एसीच्या ड्रेन पाइपखाली बादली ठेवा. कोरड्या एप्रिलमध्ये रात्रभरात तळ जेमतेम भिजेल. मळभाच्या रात्री तासाला लिटरभर, कधी त्याहून जास्त पाणी जमतं. त्या रात्री गल्लीतल्या डीपीवर काय चाललंय, त्याचा अंदाज थर्मामीटरपेक्षा ही बादली चांगला देते.

दुसरी गोष्ट रात्रीची. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर आहे. एप्रिलमध्ये आकाश निरभ्र असतं, दिवसभर तापलेली जमीन, स्लॅब आणि भिंती रात्री आपली उष्णता सरळ आकाशाकडे सोडतात, घाटाकडून पश्चिमेचा वारा सुटतो आणि पहाटेपर्यंत पारा २२-२३ पर्यंत उतरतो. रात्री बारा-एकनंतर बरेच जण एसी बंद करून नुसत्या पंख्यावर झोपतात. ढग असले की ही वाट अडते. जमिनीतून निघालेली उष्णता ढग शोषतात आणि बरीचशी खाली परत पाठवतात. किमान तापमान २६ च्या खाली जात नाही. त्यातच आपल्याकडे मे महिन्यातलं मळभ बहुधा दुपारनंतर येतं. सकाळी दहा ते दोनपर्यंत स्लॅबने ऊन भरपूर खाल्लेलं असतं. आरसीसी स्लॅबमधून ती उष्णता खालच्या खोलीत उतरायला तीन-चार तास लागतात, म्हणजे संध्याकाळी घरी आल्यावर छतच तापलेलं मिळतं, आणि वरून ढगांमुळे ते निवत नाही. अशा रात्री एसी पहाटेपर्यंत थांबत नाही.

तिसरी गोष्ट तुमच्या सोलरची. पॅनेलला ढगाचा फटका किती बसतो हे ढगाच्या जातीवर ठरतं. वरच्या थरातले विरळ, पिंजलेले ढग दहा-वीस टक्के उत्पादन कमी करतात. आभाळ गच्च भरलं की स्वच्छ दिवसाच्या वीस-तीस टक्केच उरतं, काळ्या ढगात त्याहूनही कमी. पूर्ण शून्य होत नाही, कारण ढगातून गाळून पसरलेला उजेड पॅनेलवर पडतच असतो. तुकड्यातुकड्यांचे पांढरे ढग असतील तर उत्पादन मिनिटामिनिटाला खालीवर होतं, आणि ढगाच्या कडेवरून उजेड परावर्तित होऊन काही क्षण निरभ्र दिवसापेक्षाही जास्त वीज येते. एका घराचा आलेख असा करवतीसारखा दिसतो, पण शहरभरच्या छतांची बेरीज केली की ढग कधी राजारामपुरीवर, कधी कसबा बावड्यावर असल्याने चढउतार बरेच निवतात. गच्च मळभाचं तसं नसतं. ते अख्ख्या जिल्ह्यावर पसरतं आणि सगळी छतं एकदम खाली बसतात.

आता या तिन्ही गोष्टी एका डीपीवर एकत्र मांडतो. आकडे मी समजुतीसाठी घेतले आहेत, पण प्रमाण शहरातल्या मध्यमवर्गीय वस्तीत शोभेल असंच ठेवलं आहे. २०० केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर, त्यावर ११० घरं. पन्नासेक घरांत एसी, चाळीसेक घरांत कूलर आणि १५ घरांवर तुमच्यासारखं ३ किलोवॉटचं सोलर, म्हणजे एकूण ४५ किलोवॉट.

एप्रिलचा निरभ्र दिवस, दुपारचा एक. पंखे, फ्रीज, टीव्ही, पाण्याच्या मोटारी मिळून ६० किलोवॉट. ३० कूलर चालू, त्यांचे ६. दहा एसी चालू, त्यांचे १३. घरांचा खरा वापर ७९ किलोवॉट. सोलर ३३ किलोवॉट देतंय. (४५ च्या पॅनेलमधून ३३ च का, तर पॅनेलची क्षमता २५ अंशांवर मोजलेली असते. उन्हात पॅनेल साठ अंशांच्या वर तापतं आणि दर अंशामागे साधारण ०.३५ ते ०.४ टक्के उत्पादन घटतं. धूळ, वायर आणि इन्व्हर्टर यांचा तोटा वेगळा.) डीपीला पुरवावे लागतात फक्त ४६ किलोवॉट.

मे महिन्यातला गच्च मळभाचा दिवस, तीच वेळ. दिवे लावावे लागले म्हणून ६० चे ६३ झाले. कूलर दहाच उरले, त्यांचे २. एसी १८ चालू, पण बाहेरचं तापमान कमी असल्याने प्रत्येकी थोडे कमी खाणारे, मिळून २०. खरा वापर ८५. सोलर मात्र ९ किलोवॉटवर आलं. डीपीवर ७६ किलोवॉट.

इथे थोडं थांबून बघा. घरांचा वापर ७९ वरून ८५ झाला, फक्त ६ ने वाढला. डीपीवरचा लोड ४६ वरून ७६ झाला, ३० ने वाढला. त्यातले २४ हे नवीन वापराचे नाहीतच. ती वीज काल छतावरून परस्पर भागत होती, म्हणून कुणाच्या मीटरवर दिसत नव्हती. उपकेंद्रात बसलेल्या माणसाला छतावरचं सोलर वेगळं दिसत नाही, त्याला फीडरवरची वजाबाकी दिसते. म्हणून ढग आले की त्याला मागणी अचानक वाढलेली वाटते.

रात्री दहाला सोलर दोन्ही दिवशी शून्यच. एप्रिलमध्ये साधा वापर ८५, ४० कूलरचे ८, २५ एसींचे ३३, एकूण १२६ किलोवॉट. मळभाच्या रात्री साधा वापर ८५, दहा कूलरचे २ आणि पन्नासही एसी चालू, ओलावा गाळत असल्याने कॉम्प्रेसर थांबत नाही, त्यांचे ७०. एकूण १५७ किलोवॉट. पॉवर फॅक्टर ०.९ धरला तर १७४ केव्हीए. डीपी २०० ची, म्हणजे वरवर पाहता ८७ टक्क्यांवर सगळं ठीक आहे.

पण तुमची अख्खी डीपी जात नाही, एक फेज जाते, आणि उत्तर त्यातच आहे. २०० केव्हीएच्या ट्रान्सफॉर्मरची दर फेजला क्षमता सुमारे २६७ अँपिअर असते. १७४ केव्हीए तिन्ही फेजवर सारखे वाटले तर प्रत्येकी २३३ अँपिअर होतात आणि अडचण नाही. प्रत्यक्षात घरं सिंगल फेजची असतात, कनेक्शनं वर्षानुवर्षं जिथे सोयीचं तिथे जोडली गेलेली असतात, आणि नवे एसी कुणाच्या फेजवर वाढले याची नोंद फारशी कुणी ठेवत नाही. एका फेजवर एकूण लोडच्या ४० टक्के गेले की तिथे २७९ अँपिअर होतात. मर्यादा ओलांडली. फ्यूज त्या फेजचा वितळतो, गल्लीतल्या एक तृतीयांश घरांत अंधार होतो आणि समोरच्या घरात लाइट असते. एप्रिलच्या रात्री याच फेजवर २२४ अँपिअर होते, म्हणून तेव्हा काही झालं नाही.

यात आणखी एक बाब भर घालते. एप्रिलच्या दुपारी ट्रान्सफॉर्मरला सोलरमुळे विश्रांती मिळते, तेल फार तापत नाही. मळभाच्या दिवशी दुपारपासूनच दीडपट लोड, त्यात हवा दमट आणि रात्रही गरम. ट्रान्सफॉर्मरच्या तेलाचं तापमान लोडमागोमाग लगेच वाढत नाही, त्याला काही तास लागतात. म्हणून दुपारी जे साठतं ते रात्री दहाच्या लोडच्या वेळी आधीच अंगात असतं. नेमका त्याच वेळी जास्त लोड येतो. एखाद्या सांध्याचा नट सैल असेल तर तो सांधाही याच रात्री तापतो आणि जळतो.

व्होल्टेजचं म्हणाल तर जड झालेल्या फेजवर डीपीपासून लांबच्या घरांना कमी व्होल्टेज मिळणारच. जुने नॉन-इन्व्हर्टर एसी कमी व्होल्टेजवर जास्त करंट ओढतात, इन्व्हर्टर एसी आणि स्टॅबिलायझरही तेच करतात, आणि त्याने व्होल्टेज अजून पडतं.

वळीव कोसळला तर मात्र चित्र पूर्ण बदलतं. अर्ध्या तासात पारा आठ-दहा अंशांनी उतरतो, एसी बंद होतात, लोड धाडकन खाली येतो. तेव्हा लाइट गेली तर ती झाडाची फांदी, वीज पडणं किंवा ओला इन्सुलेटर यामुळे, लोडमुळे नव्हे. सगळ्यात अवघड संध्याकाळ ती, जेव्हा आभाळ दाटून येतं, वारा सुटतो, विजा चमकतात आणि पाऊस पडतच नाही. वाऱ्याने एखादा फीडर तासभर बंद पडतो, उकाडा तसाच राहतो. मग पुरवठा परत आला की पन्नास एसी आणि सगळे फ्रीज एकाच क्षणी पूर्ण ताकदीने सुरू होतात. एरवी काही कॉम्प्रेसर चालू तर काही विसावलेले असतात, ती सवड राहत नाही. म्हणून लाइट आल्या आल्या पाच मिनिटांत परत जाते. वायरमन फ्यूज टाकतो आणि तो पुन्हा जातो.

जुलैमध्ये ढग याहून कितीतरी जास्त असतात, तरी तेव्हा हा त्रास नसतो. सोलरचं उत्पादन पडतं खरं, पण एसी बंद असतात आणि पंचगंगा-भोगावतीकाठच्या उसाच्या मोटारीही बंद असतात. दोन्ही बाजू एकत्र उतरतात. ऑगस्टमध्ये मोठी उघडीप पडली किंवा ऑक्टोबरचा उकाडा आला की मात्र एसी आणि शेतीपंप दोन्ही जागे होतात.

हाच खेळ राज्याच्या पातळीवरही चालतो. ऐरोलीच्या राज्य भार प्रेषण केंद्रात दिवसाचे १५ मिनिटांचे ९६ भाग पाडून प्रत्येक भागासाठी किती वीज लागेल याचं वेळापत्रक आदल्या दिवशी ठरतं. अंदाज बांधण्याची जुनी, साधी आणि अजूनही उपयोगी रीत म्हणजे सारखा दिवस शोधणं: उद्यासारखी हवा असलेला, तोच वार असलेला अलीकडचा दिवस घ्यायचा आणि त्यात फरक करायचा. चूक होते ती सारखेपणा फक्त कमाल तापमानावर ठरवल्याने. माझ्या मते पश्चिम महाराष्ट्रात मे महिन्यात आदल्या रात्रीचं किमान तापमान आणि संध्याकाळची आर्द्रता या दोन आकड्यांना कमाल तापमानापेक्षा जास्त वजन द्यायला हवं, आणि दुपारच्या भागांसाठी ढगांचा अंदाज वेगळा लावायला हवा. आपल्या जिल्ह्यात आणखी एक अडचण आहे. साखर कारखान्यांचे सहवीज प्रकल्प गाळप हंगामात वीज देतात, पण मे महिन्यात हंगाम संपलेला असतो. कोयनेचा १,९६० मेगावॉटचा प्रकल्प काही मिनिटांत भार उचलू शकतो आणि संध्याकाळच्या चढाला तोच कामी येतो. पण पश्चिमेकडे वळवून वीजनिर्मितीला वापरायच्या पाण्याला वर्षाची मर्यादा आहे आणि ते वर्ष ३१ मे रोजी संपतं. नेमकं गरजेच्या आठवड्यांत पाणी मोजून वापरावं लागतं.

आता तुमच्या घरचं. इन्व्हर्टरच्या ॲपमध्ये दिवसाचा आलेख बघायची सवय लावा. सकाळपासून दुपारपर्यंत सलग चढून सलग उतरणारी गोल कमान म्हणजे निरभ्र दिवस. करवतीसारखे दाते म्हणजे तुटक ढग. सलग खाली दबलेली रेघ म्हणजे मळभ. पण लख्ख उन्हात, दुपारी अकरा ते दोनच्या दरम्यान आलेख एकदम शून्यावर जात असेल आणि काही मिनिटांनी परत येत असेल, तर दोष ढगाचा नाही. सुट्टीच्या थंड दिवशी वापर कमी आणि सोलर भरपूर असलं की फेजवरचं व्होल्टेज चढतं, २३० च्या सुमारे ११० टक्क्यांवर, म्हणजे २५३ व्होल्टच्या आसपास गेलं की इन्व्हर्टर स्वतःला बाजूला काढतो. असं वारंवार होत असेल तर त्या वेळा लिहून ठेवा आणि वीज कंपनीकडे तक्रारीचा अर्ज करताना सोबत द्या.

डीपीसाठीही नुसतं "लाइट जाते" असं सांगू नका. कोणत्या तारखेला, किती वाजता, कोणत्या घरांत गेली आणि कोणत्या घरांत राहिली हे गल्लीतल्या चार-पाच जणांनी मिळून लिहा. एकच फेज जात असेल तर मोठी डीपी मागण्याआधी लोडचं वाटप तपासायला सांगा. रात्री नऊ ते अकरा या वेळेत तिन्ही फेजचा करंट टाँग टेस्टरने मोजला की दहा मिनिटांत खरं कळतं. दुपारी मोजून काही उपयोग नाही, आणि निरभ्र दुपारी मोजलं तर सोलरमुळे सगळं छान दिसेल. आमच्या उदाहरणातल्या डीपीवर जड फेजवरची काही घरं हलक्या फेजवर घेतली तर २७९ चे २४० अँपिअर होतात आणि नवा ट्रान्सफॉर्मर न बसवता उन्हाळा निभतो. सोलरची घरं वाटतानाही तिन्ही फेजवर वाटायला सांगा. सगळी एकाच फेजवर असली तर निरभ्र दिवशी ती फेज हलकी दिसते आणि ढग आले की एकट्या तिच्यावरच सगळा भार परततो.

मळभाच्या संध्याकाळी लाइट गेली, तर ती परत येण्याआधी एसीचा स्विच बंद करा. आल्यावर दहा-पंधरा मिनिटं थांबून मगच लावा, आणि शेजाऱ्यांनाही सांगा. वॉशिंग मशीन, इस्त्री, गिझर, टाकीची मोटार ही कामं अशा दिवशी रात्री नऊ ते बारा सोडून उरका. उन्हाच्या दिवशी तुम्ही ती दुपारी सोलरवर करत असाल. मळभ असेल तर सकाळी लवकरची वेळ बरी, कारण तेव्हा डीपी सगळ्यात थंड असते. एसी २६ वर ठेवून सोबत पंखा लावला तर तो कमी खातो, पण दमट रात्री त्याहून जास्त फरक पडतो तो दारं-खिडक्या घट्ट लावल्याने. फटीतून येणारी प्रत्येक ओली झुळूक एसीला पुन्हा गाळावी लागते.